कॅमेऱ्याच्या पाठीमागून : मावशींचा माग आणि माझा चुकलेला फोटो

बालमित्रांनो, फोटो बिघडला की आपण म्हणतो, हात हलला. किंवा म्हणतो, उजेड कमी होता. पण माझा एक फोटो असा बिघडला, की त्यात हात हलला नव्हता, उजेड भरपूर होता, सगळं कसं लख्ख दिसत होतं. तरीही तो बिघडलेला होता. आणि ते मला कळलंच नव्हतं. एका मावशींनी सांगितलं तेव्हा कळलं.

मी राहतो जालन्यात. आमच्या एमआयडीसीत लोखंडी सळया करणारे पुष्कळ कारखाने आहेत. तिथल्या यंत्रांचे, सळयांच्या गठ्ठ्यांचे, कधी बियाण्यांच्या पाकिटांचे फोटो काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. यंत्राला काही वाटत नाही. फ्लॅश मारा, हवं तिथून काढा, ते काही बोलत नाही. त्यामुळे मला तशी सवय लागून गेली होती.

एकदा तिथल्याच एका शेडमधून बोलावणं आलं. हातमागाच्या साड्या, शाली विकणारी मंडळी होती. त्यांना एक पुस्तिका छापायची होती आणि तिच्यात एक पान ठेवायचं होतं विणकराच्या गोष्टीसाठी. ‘साडी कोणी विणली ते गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे,’ असं त्यांचं म्हणणं. चांगलंच म्हणणं होतं. शेडच्या कोपऱ्यात त्यांनी शोभेचा एक छोटा माग आणून ठेवला होता. तिथंच काम करणाऱ्या एका ताईंना मागापाशी बसवलं. मी दोन मोठे फ्लॅश लावले. ‘ताई, हसा. धोटा जरा वर धरा. हं, असा!’ दहा मिनिटांत काम झालं. सगळे खूश.

पुस्तिकेतल्या साड्यांमध्ये पैठणीही होती. तिच्याविषयी काही विचारायला म्हणून मी पाचोडमार्गे पैठणला गेलो, तेव्हा तो फोटो बरोबर होता. गोदावरीकाठचं हे गाव तुम्हाला नाथांचं म्हणून माहीत असेल, जायकवाडीच्या धरणामुळे माहीत असेल. पैठणी हे नाव या गावावरूनच आलं. तिथं घरातच माग असलेल्या एका मावशींकडे गेलो आणि जरा ऐटीतच त्यांच्यापुढे फोटो ठेवला.

मावशींनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, ‘लेकरा, ही बाई काय करायलीय?’

‘विणतेय की, मावशी.’

‘विणायलीय व्हय? मला वाटलं बासरी वाजवायलीय.’

घरातली पोरं खो खो हसली. मीही हसलो, पण कान गरम झाले. मग मावशींनी मला मागाशी बसवून फोटोतल्या चुका एकेक करून दाखवल्या. त्या समजण्यासाठी माग म्हणजे काय ते आधी बघू या.

तुमच्या घरी नवारीची खाट आहे का? नसेल तर आजीला विचारा. खाटेवर आधी एका दिशेनं नवार ताणून बांधतात. मग दुसरी नवार तिच्यातून एकदा वरून, एकदा खालून, अशी आडवी घालत जातात. कापडाचंही तसंच. जे धागे आधी लांब ताणून बांधलेले असतात तो ताणा. त्यांच्यातून आडवा जातो तो बाणा. आता एका साडीच्या रुंदीत ताण्याचे हजारो धागे असतात. प्रत्येक धाग्याच्या वरून-खालून हातानं बाणा ओवत बसलं, तर जन्म पुरायचा नाही. म्हणून माग. माग एका वेळी ताण्याचे निम्मे धागे उचलतो, निम्मे खालीच ठेवतो आणि मधे एक फट तयार होते. त्या फटीतून बाणा एकदम इकडून तिकडे न्यायचा. पुढच्या वेळी खालचे धागे वर, वरचे खाली. झालं!

मावशींचा माग खड्ड्याचा होता. म्हणजे विणणारी व्यक्ती जमिनीवर बसते आणि तिचे पाय पुढच्या खड्ड्यात असतात. खड्ड्यात पायाखाली पावड्या असतात. एक पावडी दाबली की फट उघडते. मावशी मला म्हणाल्या, ‘पोटापासून पुढं बघत जा, म्हणजे इसरायचा नाहीस.’ मीही तुम्हाला तसंच सांगतो. अगदी पोटाशी असतो कापड गुंडाळायचा लाकडी रूळ. त्याला म्हणतात तूर. (वरणाची तूर ती वेगळी!) तुरीवर विणून झालेलं कापड गुंडाळत जायचं. तुरीच्या पुढं हातभर विणलेलं कापड ताणलेलं दिसतं. त्याच्या पुढं फणी. नाव फणीच, कारण केसांच्या फणीसारखे तिला बारीक दाते असतात आणि त्या दातांमधून ताण्याचे धागे गेलेले असतात. बाणा घातला की ही फणी आपल्याकडे ओढून ठोकायची, म्हणजे धागा घट्ट बसतो. फणीच्या पलीकडे दोऱ्याच्या फासांच्या चौकटी टांगलेल्या असतात. त्या फासांतून ताण्याचा एकेक धागा ओवलेला असतो आणि या चौकटी खाली पावड्यांना बांधलेल्या असतात. त्यांच्यापलीकडे मग लांबवर नुसता ताणा, वीणेच्या तारांसारखा ताणलेला.

आता माझा फोटो बघू. ताणा सैल होता, मधे झोळ पडला होता. ‘असल्या ताण्यावर धोटा टाकला तर खाली पडंल,’ मावशी म्हणाल्या. ताण्याच्या धाग्यांत फट उघडलेलीच नव्हती आणि ताईंनी मात्र धोटा हातात उचलून धरला होता. फट नाही, तर धोटा जाणार कुठून? आणि धोटा असा ओठांपाशी वर कोणीच धरत नाही. तो ताण्याच्या पातळीवर, फणीच्या अलीकडून सरकत जातो. त्यात फोटोतल्या ताई हसून माझ्याकडे बघत होत्या. विणणारीची नजर असते जिथं नवा धागा बसतो तिथं, म्हणजे कापड संपतं आणि मोकळा ताणा सुरू होतो त्या रेघेवर. सगळ्यात मोठी गंमत पुढंच आहे. मागच्या बाजूला शोभा म्हणून मी एक चरखा ठेवायला सांगितलं होतं. चरख्यावर सूत कततात. पैठणीचं रेशीम कातायचं नसतं, ते तयार येतं. विणकराच्या घरी रहाट असतो खरा, पण तो कांड्या भरायला.

‘आन् पैठणीचा पदर धोट्यानं इणत न्हाईत,’ मावशी म्हणाल्या.

हे मात्र मला अजिबात ठाऊक नव्हतं. साडीच्या साध्या भागात धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. पण पदराची जमीन जरीची आणि तिच्यावर रेशमाचे मोर, मुनिया, कमळं. मोराच्या मानेला निळा, पिसाऱ्याला हिरवा, चोचीला लाल, असा प्रत्येक ठिकाणी बाणा वेगळा लागतो. म्हणून प्रत्येक रंगाची वेगळी कांडी. कांडी म्हणजे धागा गुंडाळलेली लहानशी काडी. मावशींच्या पुढं, ताण्यावर अशा कितीतरी कांड्या ओळीनं पडलेल्या होत्या. त्या निळी उचलायच्या, मोजून काही धाग्यांखालून न्यायच्या, ठेवायच्या. मग शेजारची हिरवी.

निळ्याची हद्द संपते आणि हिरव्याची सुरू होते तिथं काय होतं? समजा निळा धागा आपल्या हद्दीपर्यंत जाऊन मागं वळला आणि हिरवाही आपल्या हद्दीतून मागं वळला, तर दोघांच्या मधे चीर राहील. बोट घातलं तर आरपार जाईल. म्हणून मागं वळण्यापूर्वी निळा आणि हिरवा एकमेकांत अडकवतात. फुगडी घालताना दोघी हात गुंफतात ना, तसे. अशी गुंफण प्रत्येक ओळीत, प्रत्येक रंगाच्या हद्दीवर. त्यामुळे खऱ्या हातविणीच्या पैठणीचा पदर उलटा केला, तरी मोर तसाच दिसतो. मागं लोंबणारे, कापलेले धागे नसतात. पदर भरगच्च असेल, तर एक साडी व्हायला कित्येक महिने जातात. तुमच्या घरी पैठणी असेल, तर आईच्या परवानगीनं (ती महत्त्वाची!) पदर उलटून बघा.

मी गप्प बसलो. ज्या पानाचं नावच विणकराची गोष्ट, त्या पानावर माझ्या फोटोनं काय दाखवलं होतं? की विणकर शोभेचा धोटा हातात घेऊन हसत बसतो. महिनोन्‌महिने धागे मोजणाऱ्या बाईला तो फोटो बघून काय वाटलं असेल?

परत आल्यावर मला एक जुना प्रसंग आठवला. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट नावाच्या अमेरिकन छायाचित्रकार बाई गांधीजींचा फोटो काढायला पुण्याला आल्या. गांधीजींच्या माणसांनी त्यांना विचारलं, ‘तुम्हाला चरखा चालवता येतो का?’ नाही म्हटल्यावर त्यांना आधी चरखा शिकायला लावलं. गांधीजींना डोळ्यांवर पडणारा झगझगीत उजेड आवडत नसे, म्हणून फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन फुकट गेले, तिसऱ्यानं काम केलं. तो फोटो तुम्ही बघितला असेल. पुढं चरखा आहे आणि गांधीजी काहीतरी वाचताहेत. सूत कातायचं नाटक त्यात नाही. मला त्या बाईंचा जरा हेवाच वाटला. फोटो काढण्याआधी मला कोणी माग शिकवला नव्हता, आणि मी विचारलंही नव्हतं.

शेडमधल्या मंडळींना मी सगळं सांगितलं. फोटो पुन्हा काढतो, पैठणलाच काढतो, म्हटलं. ते तयार झाले. मावशींच्या अटी होत्या दोन. एक, अर्ध्या दिवसाचं काम बुडणार, त्याचे पैसे आधी ठरवायचे. ‘मला साडीमागं मजुरी हाय. मी तुझ्यापुढं बसले तर मोर कोण इणणार?’ बिनतोड होतं. दुसरी अट, फोटो छापण्याआधी त्यांना दाखवायचा. शेडमधल्या एकांनी हळूच सुचवलं होतं, की जरा फाटकी, जुनी साडी नेसवा, म्हणजे फोटो ‘खरा’ वाटेल. हे मी मावशींना विचारलंच नाही. लाज वाटली. ‘रोज कामाला बसता तशाच बसा,’ एवढंच म्हणालो. त्यांनी धुतलेली सुती साडी नेसली, बांगड्या वर सारल्या (नाहीतर धाग्यात अडकतात), चष्मा लावला.

मी सकाळी नऊच्या सुमाराला गेलो होतो. खोलीला एकच खिडकी, मावशींच्या डाव्या हाताला. माग मुद्दामच तिथं बसवलेला, कारण विणणाऱ्याला बारीक धागा दिसायला उजेड लागतो. मित्रांनो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कारागीर आपल्या कामाला योग्य उजेडाची जागा स्वतःच शोधतो, वर्षानुवर्षं तिथं बसतो. फोटोवाल्यानं येऊन ती जागा बदलायची कशाला?

पहिल्यांदा मी छतावरची ट्यूबलाइट बंद करायला सांगितली. दिवसाचा उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग वेगळे असतात. आपल्या डोळ्यांना ते चटकन कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दोन्ही मिसळले, तर चेहरा एका बाजूनं हिरवट दिसतो आणि रेशमाचा रंग भलताच येतो. साडीच्या फोटोत रंग चुकला तर गिऱ्हाईक मागून भांडतं, ते निराळंच!

मग जागा. खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो, तर माझीच सावली पदरावर पडली. मावशी न बघताच म्हणाल्या, ‘उजेड सोड.’ बाजूला झालो. मग त्यांच्या उजव्या हाताला जाऊन खिडकीकडे तोंड करून बघितलं, तर चेहरा काळा आणि पदर पांढराफटक. असं का? जर चकचकीत असते, आरशासारखी. खिडकीतून आलेला उजेड जरीवर आपटून समोरच्या बाजूला जातो आणि नेमका तिथंच माझा कॅमेरा. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशनंही जर अशीच पांढरी पडते. शेवटी मी मावशींच्या समोर, मागाच्या थोडा कडेला बसलो. आता खिडकी त्यांच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या दिशेला, असा काटकोन झाला. जर सोन्यासारखी पिवळी दिसू लागली, तिरप्या उजेडात कापडाची वीणसुद्धा उठून आली. चेहऱ्याची अलीकडची बाजू अजून अंधारात होती, तिच्याकडे पांढऱ्या थर्मोकोलचा तुकडा उभा धरला. तो धरायला मावशींचा नातू होता. उन्हाची एक तिरीप खिडकीतून सरळ आत येत होती, तिच्यावर आजोबांचं पातळ धोतर टांगलं. ऊन गाळल्यासारखं मऊ झालं.

तुमच्या लक्षात आलं का? ‘बसलो’ म्हटलं मी. मावशी जमिनीच्या पातळीवर आणि मी उभा, तर फोटोत त्या खुज्या, वाकलेल्या दिसतात, डोक्याचा भांगच जास्त दिसतो. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, की माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. त्यासाठी मला चक्क पोटावर कोपर टेकून अवघडल्यासारखं बसावं लागलं. पाय मुंग्यांनी भरून गेले.

हल्ली फोटोत मागचं सगळं धूसर करायची टूम आहे. मोबाइलवरसुद्धा तसं करता येतं. पण इथं मागचं धूसर म्हणजे फणी धूसर, फास धूसर, ताणा धूसर. उरतो नुसता चेहरा. मग माग कशाला हवा? म्हणून मी भिंगाचं तोंड बारीक ठेवलं, एफ ५.६ वर. तोंड बारीक केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं, पण आत उजेड कमी शिरतो. त्याची भरपाई म्हणून पडदा जास्त वेळ उघडा ठेवायचा. सेकंदाचा साठावा भाग ठेवला. एवढ्या वेळात फणी ठोकणारा हात मात्र पुसट होतो. चारपाच फोटो तसे पुसट आले.

मग मी फोटो काढणं थांबवून नुसतं बघत बसलो. आणि दिसलं की मावशी प्रत्येक ओळीत एकदा थांबतात. शेवटची कांडी ठेवली की फणी ओढण्याआधी दोन बोटं रंगांच्या हद्दीवरून हलकेच फिरवतात. गुंफण कुठं सुटली नाही ना, हे बघतात. तेवढा क्षणभर हात जवळजवळ स्थिर, नजर बोटांवर, फट उघडलेली, कांड्या आपापल्या जागी. पुढच्या ओळीला मी तयार होतो. त्याच्या पुढच्याही. तेरा ओळींचे तेरा फोटो काढले. त्यातला अकरावा निवडला. मावशींना काही करून दाखवायला सांगावं लागलंच नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो त्यांना दाखवला. पुन्हा चष्मा, पुन्हा बराच वेळ. मी वाट बघत होतो. ‘ताणा बराबर हाय,’ त्या म्हणाल्या. मग आणखी वाकून, ‘ही कांडी तांबडी. ही मुनियाच्या चोचीची.’ स्वतःच्या चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही!

पुस्तिका छापायला गेली तेव्हा आणखी एक घोटाळा होता होता राहिला. पान मांडणाऱ्यानं मजकुराला डावीकडे जागा हवी म्हणून फोटो उलटवला, आरशात दिसतो तसा. त्याला वाटलं, काय फरक पडतो? मावशींना दाखवायची अट होती म्हणून कच्चं पान पैठणला नेलं. त्यांनी बघितलं मात्र, ‘माझी खिडकी इकडं कुठं आली? आन् माझी मुनिया उलट्या तोंडाची कशी?’ फोटो सुलटा केला, मजकूर उजवीकडे गेला. खाली मावशींचं नाव, त्यांनी सांगितलं तसंच पूर्ण, आणि गाव पैठण.

छापलेली पुस्तिका द्यायला मी स्वतः गेलो. थर्मोकोल धरणारा नातू ती घेऊन दारात बसला. पान जवळ नेऊन, लांब नेऊन बघितलं. मग मला म्हणाला, ‘काका, आजीचे पाय कुठं गेले?’

खरंच की. ते खड्ड्यात होते. ज्या पायांनी पावडी दाबल्याशिवाय फट उघडत नाही, ते फोटोत आलेच नव्हते. मी पिशवीतून कॅमेरा काढला, ताण्याखाली आडवा झालो आणि नातवाला म्हटलं, ‘जा, तो थर्मोकोल घेऊन ये.’